शनिवार सोडून लाँग वीकेंड

तळ्याकाठच्या त्या हॉटेलात रिझर्व्हेशनच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळा स्टाफ मागून सॉरीबाई म्हणत असे. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. ऐन तारुण्यात त्या या टेबलावर आल्या, तेव्हापासून हॉटेलच्या वतीने माफी मागणं हेच त्यांचं मुख्य काम होतं. एसी बंद पडला, सॉरी सर. तळ्याच्या बाजूची खोली सांगून पार्किंगच्या बाजूची दिली, सो सॉरी मॅडम. फोनवरचा त्यांचा आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखा. आणि फोन खाली ठेवला रे ठेवला, की तोच घसा खाकरून त्या म्हणायच्या, "मूर्ख मेला."

माणसांबद्दल बाईंचं मत वाईट होतं. गिऱ्हाईक म्हणजे न वाचणारा प्राणी, हा त्यांचा सिद्धांत. "यांना फोटो दाखवा. फोटोत पाणी दिसलं पाहिजे, पाण्याशेजारी टॉवेल दिसला पाहिजे. अक्षरं कशाला? अक्षरं दिसली की यांच्या डोळ्यांना झापड येते." हॉटेलच्या मालकांबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. मालक रोज सकाळी लॉबीत येऊन कुंड्यांतली पानं बोटाने पुसून बघत आणि तेवढ्यावर आपण हॉटेल चालवतो असं समजत. आणि हल्ली सोशल मीडिया बघायला म्हणून ठेवलेला जो दाढीवाला तरुण होता, ज्याला सगळे क्रिएटिव्ह म्हणत, त्याच्याबद्दल तर बाई बोलायच्याच नाहीत. नुसत्या नाकातून हुंकार काढायच्या.

बाईंच्या तिरस्काराच्या यादीत मात्र पहिला नंबर घरातल्या माणसाचा होता. म्हणजे लेकीच्या सासूबाईंचा, विहीणबाईंचा. विहीणबाई शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. लग्न ठरवायला आल्या तेव्हाच त्यांनी पोह्यांची बशी हातात घेऊन विचारलं होतं, "हॉटेलात असता म्हणजे नेमकं काय करता?" त्यातला तो 'नेमकं' हा शब्द बाईंच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला होता. लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली, नातू झाला, तरी काटा निघाला नव्हता.

तर झालं असं. पुढच्या महिन्यात शुक्रवारची सुट्टी आली होती आणि मालकांच्या डोक्यात लाँग वीकेंडचं पॅकेज शिरलं. क्रिएटिव्हने लगोलग फोटो काढला, फोटोवर सोनेरी अक्षरांत 'लाँग वीकेंड' असं टाकलं. मालकांनी तो आपल्या मेहुण्याला पाठवला, मेहुण्याने वा वा केलं. आणि दुसऱ्याच दिवशी एका औषध कंपनीने डॉक्टरांच्या परिषदेसाठी अख्खं हॉटेल मागितलं. कुठल्या रात्री? त्याच शुक्रवारी आणि त्याच शनिवारी.

मालकांना दोन्ही हवं होतं. त्यांनी बाईंना आणि क्रिएटिव्हला केबिनमध्ये बोलावलं.

"परिषद घेतलीय," ते म्हणाले. "पण पॅकेज मागे नाही घ्यायचं. फोटो छान झालाय."

"सर, लाँग वीकेंडच्या शुक्रवार-शनिवारी आपल्याकडे एकही खोली नाही. मग लाँग वीकेंडचं पॅकेज कसं?" बाईंनी विचारलं.

"महिनाभर चालू ठेवू. सलग दोन रात्री, कधीही या. फक्त त्या दोन रात्री नाही. बुकिंगचे पैसे आधी घ्यायचे, तारीख तुम्ही फोनवर पक्की करायची."

क्रिएटिव्ह दाढी खाजवत म्हणाला, "कॅप्शनमध्ये पहिल्याच ओळीत 'शुक्रवार-शनिवार उपलब्ध नाही' लिहिलं तर व्हाइब जाईल, सर."

इथे बाईंनी तोंड उघडलं, आणि जे बोलायला नको होतं ते बोलल्या. त्या म्हणाल्या, "मग तळाशी टाका. पहिल्या दोन ओळींनंतर सगळं 'आणखी वाचा'च्या आत जातं. तिथे कोण मरायला जातंय वाचायला? लिहिलेलं असलं म्हणजे झालं. कुणी भांडायला आलं तर मी आहे."

मालक खूश झाले. बाईही मनातून सुखावल्या. रिकामा टेलिफोन त्यांनी एक-दोन मंद सीझनला भोगला होता, आणि फोन वाजला नाही की मालक पानं पुसायचं सोडून त्यांच्या टेबलाभोवती घिरट्या घालतात हे त्यांना माहीत होतं. शिवाय न वाचणाऱ्या जगाला जरा धडा मिळेल, हाही एक आनंद होताच. त्यांनी क्रिएटिव्हला माहिती तोंडी सांगितली. खोली कुठली, काय मिळेल, काय नाही, कुठल्या रात्री बंद. आणि शेवटी, "रद्द केलं तर पैसे परत नाहीत." क्रिएटिव्ह एका कानात इअरफोनचं बोंड ठेवून ऐकत होता. दुसऱ्या कानाने किती ऐकलं ते त्याचं तोच जाणे.

संध्याकाळी त्याने कॅप्शन बाईंच्या फोनवर पाठवली. बाईंनी वरच्या ओळी पाहिल्या, अंगठ्याने भर्रकन खाली सरकवून 'उपलब्ध नाही' हे शब्द तळाकडे गेलेत एवढं बघितलं आणि 'ओके' टाइप केलं. कॅप्शन अशी होती:

"तळं. तुम्ही. आणि घड्याळाला सुट्टी. आमचं लाँग वीकेंड पॅकेज आलंय!
सलग दोन रात्री, डिलक्स लेक व्ह्यू रूममध्ये, दोघांसाठी. सहा वर्षांखालचं एक मूल सोबत मोफत, वेगळ्या बेडशिवाय.
पॅकेजमध्ये: रोजचा नाश्ता, एका रात्रीचं बुफे जेवण, संध्याकाळचा चहा, स्विमिंग पूल आणि वायफाय. स्पा, लाँड्री आणि खोलीत मागवलेलं जेवण यांचं बिल वेगळं. कर वेगळे.
चेक-इन दुपारी दोन, चेक-आउट सकाळी अकरा. लवकर चेक-इन खोली रिकामी असेल तरच.
पुढचा संपूर्ण महिना लागू. उपलब्ध नाही: सुट्टीचा शुक्रवार आणि त्यानंतरचा शनिवार, या दोन रात्री.
बुकिंगच्या वेळी पूर्ण रक्कम भरावी लागेल. चेक-इनच्या सात दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर रद्द केल्यास किंवा न आल्यास रक्कम परत मिळणार नाही."

बुकिंग धो धो आली. आणि त्यामागोमाग, तारीख पक्की करायला, फोन.

बाईंना इतकी मजा कित्येक महिन्यांत आली नव्हती. "मॅडम, आम्हाला शुक्रवार-शनिवार हवाय." "सो सॉरी सर, त्या दोन रात्री उपलब्ध नाहीत." "अहो, पण लाँग वीकेंड तर तोच आहे!" "हो सर. कॅप्शनमध्ये खाली लिहिलंय सर. आपण 'आणखी वाचा'वर क्लिक केलं होतं का?" मग पलीकडे शांतता. त्या शांततेची चव बाई जिभेवर घोळवत. त्यानंतर गिऱ्हाईक चिडायचं, पैसे परत मागायचं, आणि बाई आणखी गोड होत म्हणायच्या, "सॉरी सर, हे पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे. दुसरी तारीख घ्या ना." कुणी शिव्या देऊन फोन आपटायचं, कुणी कुरकुरत मंगळवार-बुधवार घ्यायचं. एक आजोबा तर म्हणाले, "बरोबर आहे बाई, माझंच चुकलं, मी चष्मा लावला नव्हता." बाईंनी फोन ठेवून शेजारच्या रिसेप्शनिस्ट मुलीला सांगितलं, "बघ. शंभरातून एक माणूस चूक कबूल करतो. बाकीचे नुसते बोंबलतात."

एकाही गिऱ्हाइकाने असं म्हटलं नाही की, अहो, तुमच्याच कॅप्शनमध्ये पैसे परत लिहिलंय. बाईंच्या आवाजात इतका ठामपणा होता की लोकांनी शोधायचे कष्टच घेतले नाहीत. बाईंचा सिद्धांत रोज नव्याने सिद्ध होत होता.

आणि एका सकाळी लॉबीचं काचेचं दार ढकलून विहीणबाई आत आल्या.

सोबत त्यांच्या दोन बहिणी. तिघींच्या तीन खोल्या त्यांनी बुक केल्या होत्या, आणि लाँग वीकेंडला सगळ्यांना घेऊन यायचं ठरवलं होतं. बाईंना फोनही नाही, निरोपही नाही. ओळखीचा फायदा घेतला असं कुणी म्हणायला नको, म्हणून! तीन दिवसांपूर्वी रिसेप्शनिस्ट मुलीने त्यांना तारीख नाही आणि पैसेही परत नाहीत असं फोनवर सांगितलं होतं. ती बाईंचंच वाक्य पाठ करून बोलत असे.

"अय्या, विहीणबाई!" बाई उठल्या. चेहऱ्यावर हसू, मनात आनंदाच्या उकळ्या. 'नेमकं काय करता' विचारणारी बाई आज माझ्या टेबलासमोर उभी आहे, आणि तीही न वाचता बुकिंग करून! "या या, बसा. चहा सांगते. मला आधी फोन करायचात की. आमचं काय आहे, खाली सगळं लिहिलेलं असतं, पण आजकाल कोण वाचतंय!"

विहीणबाईंनी पर्स उघडली, चष्म्याची डबी काढली, चष्मा लावला आणि मग फोन काढला. चहाला नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

"मी वाचलं," त्या म्हणाल्या. "बुकिंग करताना नाही वाचलं, ती माझी चूक. पण नंतर वाचलं. सगळं. आणि फोटोही काढून ठेवलाय." आणि शाळेच्या असेम्ब्लीत वाचावं तशा आवाजात त्यांनी कॅप्शन वाचायला सुरुवात केली. तळं. तुम्ही. आणि घड्याळाला सुट्टी. सोफ्यावर चेक-आउटची वाट बघणारं एक कुटुंब होतं, त्यांनी मोबाइलमधून माना वर केल्या. विहीणबाईंनी एकही ओळ गाळली नाही. वेगळ्या बेडशिवाय, हेसुद्धा वाचलं. 'उपलब्ध नाही' आलं तेव्हा बाईंनी मान हलवली, बघा, आहे की नाही. पण विहीणबाई थांबल्या नाहीत.

"चेक-इनच्या सात दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अजून दोन आठवडे आहेत. पैसे परत नाहीत असं फोनवर कुठल्या आधारावर सांगितलं तुम्ही लोकांनी?"

बाई म्हणाल्या, "असं नाहीये त्यात."

"तुम्हीच वाचा मग."

फोन बाईंच्या हातात आला. त्यांनी वाचलं. एकदा, मग पुन्हा. अक्षरं तीच राहिली. त्यांना आठवलं, हीच ओळ मागच्या उन्हाळी पॅकेजच्या शेवटी होती. क्रिएटिव्हने जुन्या कॅप्शनचं शेपूट कापून नवीला चिकटवलं होतं आणि त्यांनी, दिवसभर साऱ्या जगाला 'आणखी वाचा'वर क्लिक करायला सांगणाऱ्या बाईंनी, 'ओके' म्हटलं होतं. सोफ्यावरचा माणूस आता उघड ऐकत होता.

"ही तुम्ही तपासता ना?" विहीणबाईंनी विचारलं. "लेकीने सांगितलं होतं मला. आमच्या आईने पास केल्याशिवाय काही जात नाही, म्हणून."

धाकट्या बहिणीने जीभ चावली. हसू दाबलं असावं.

बाई म्हणाल्या, "मी मालकांशी बोलते." आणि केबिनकडे गेल्या. पाठीवर सहा डोळे जाणवत होते.

मालकांनी ऐकलं आणि आधी क्रिएटिव्हला बोलावलं. तो आला, कॅप्शन बघितली आणि म्हणाला, "ओह. पण बाईंनी ओके केलं होतं." ते खरं होतं, आणि त्याच्या दाढीइतकंच बाईंना असह्य होतं.

मालकांना फार विचार करावा लागला नाही. "सोपं आहे," ते म्हणाले. "तुमच्या विहिणींचे पैसे परत करा. घरची माणसं आहेत. आणि तू ती ओळ आत्ता काढून टाक. बाकी कुणी वाचलेलं नाही. कुणी विचारलं तर असं काही नव्हतंच. काय बाई?"

सोपं होतं खरंच. बाईंची त्यात काहीच झीज नव्हती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. लेकीच्या घरी वाढदिवस, सगळे जमलेले, आणि विहीणबाई वाटीतलं श्रीखंड चमच्याने उकरत सांगताहेत: मी पकडलं ना त्यांना, मग काय, माझं तोंड बंद करायला आमचे तेवढे परत केले, बाकीच्यांचे खाल्ले. आणि हे खरं असणार होतं! विहीणबाईंनी आपल्याबद्दल खोटं बोललेलं बाईंनी हसत सोसलं असतं. खरं बोललेलं त्यांना मुळीच सोसलं नसतं. त्या आजोबांची त्यांना आठवण झाली का? झाली. पण नंतर. आधी आठवलं ते श्रीखंड.

"नाही सर," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"द्यायचे तर सगळ्यांचे द्या. ज्यांनी ज्यांनी फोन करून रद्द करा म्हटलं, त्या सगळ्यांचे. लिहिलेलं आपण लिहिलंय. ओळ काढली तर खाली 'एडिट केलं' असं दिसतं. आणि विहीणबाईंकडे फोटो आहे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत सर. त्यांना दिवसभर काही काम नसतं."

हे शेवटचं वाक्य मालकांना पटलं. त्यांनी रागाने पेनाचं टोपण काढलं, बसवलं, काढलं. "तुम्हीच म्हणाला होतात, तळाशी टाका. कुणी भांडायला आलं तर मी आहे."

"हो सर. मी आहे."

बाहेर येऊन त्यांनी विहीणबाईंना सांगितलं, "तुमचे पैसे परत येतील. सगळ्यांचेच येतील." 'सगळ्यांचेच' वर त्यांनी इतका जोर दिला की रिसेप्शनिस्ट मुलगी दचकली.

"यायलाच हवेत," विहीणबाई म्हणाल्या आणि चष्मा डबीत ठेवला. आभार नाहीत, काही नाही. दारापर्यंत जाऊन मात्र वळल्या. "ती दोन ओळींची युक्ती कोणाची हो? तळाशी लपवायची?"

बाईंना क्रिएटिव्हचं नाव घेणं सहज शक्य होतं. तो समोरच उभा होता, फोनमध्ये डोकं घालून.

"माझी," त्या म्हणाल्या.

"हं," विहीणबाई म्हणाल्या. आणि गेल्या.

मग बाईंनी फोन करायला घेतले. आता त्यांना वाटलं, लोक खूश होतील. कसले खूश! पहिल्याच गृहस्थांनी विचारलं, "कुठून बोलताय? पैसे परत देताय? मी ओटीपी-बिटीपी काही सांगणार नाही." आणि फोन बंद. एक बाई म्हणाल्या, कळलं, म्हणजे हॉटेल बुडालं. एक जोडपं मंगळवार-बुधवारवर समाधानी होतं, त्यांना आता शंका आली की मंगळवारी काहीतरी गडबड आहे. एकाने तर रागावून विचारलं, "मग त्या दिवशी नाही का म्हणालात?" "चुकीचं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "कॅप्शन नीट वाचली नव्हती." साखर न घालता बोललेलं ते वाक्य त्यांना फार जड गेलं. ते त्यांना पुढे पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं आणि ते कधीच हलकं झालं नाही. आजोबांना त्यांनी सगळ्यात शेवटी फोन लावला. आजोबा म्हणाले, "पण चूक माझी होती ना?" बाई म्हणाल्या, "नव्हती." आजोबा हसले, म्हणाले, आता राहू दे, आम्ही सोमवारीच येतो, गर्दी नसते. बाईंना ते हसणं शिव्यांपेक्षा झोंबलं.

मालक त्यानंतर बरेच दिवस बाईंशी कुंड्यांतल्या पानांइतकंच बोलायचे. कॅप्शनमध्ये बंद तारखा वरच्या दोन ओळींत आल्या पाहिजेत, असा बाईंनी हट्ट धरला. मालक म्हणाले, व्हाइब जाईल. तो शब्द त्यांनी नुकताच शिकला होता. शेवटी तारखा मधोमध ठेवायच्या असं ठरलं, म्हणजे दोघंही नाराज. फोन थोडे कमी झाले. भांडणंही थोडी कमी झाली. क्रिएटिव्ह दुसऱ्या हॉटेलात जास्त पगारावर गेला. जगात न्याय नाही याची बाईंना आणखी एक खात्री पटली.

लेक दोन आठवडे रुसून होती. "आई, तू त्यांना लॉबीत टोमणा कशाला मारलास?" बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी मला लॉबीत धडा वाचून दाखवला ते?" "तो धडा नव्हता, तुझीच कॅप्शन होती," लेक म्हणाली. बाईंनी विषय नातवाच्या सर्दीकडे वळवला.

मग एकदा दुपारी विहीणबाईंचाच फोन आला. स्वतःहून. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"जरा वेळ आहे का? एक वाचून दाखवायचं होतं," त्या म्हणाल्या. "डोंगरावरचं एक हॉटेल आहे. माझी धाकटी बहीण बुकिंग करायला निघालीय. म्हटलं थांब, आधी विचारते."

"वाचा."

"'प्रशस्त प्रीमियम खोली. डोंगराचं दर्शन, उपलब्धतेनुसार.'"

"म्हणजे खिडकीतून जनरेटर दिसणार," बाई म्हणाल्या. "दर्शन कधी उपलब्धतेनुसार असतं का? डोंगर काय सुट्टीवर जातो?"

पलीकडे एक आवाज आला. बाईंना आधी वाटलं खोकला आहे. विहीणबाई हसत होत्या.

"पुढे आहे. 'निवडक तारखांना लागू नाही.'"

"कुठल्या निवडक? तारखा लिहिल्या नसतील तर सगळ्याच निवडक समजा. नका घेऊ. रद्द करायचं काय लिहिलंय?"

"'हॉटेलच्या धोरणानुसार.'"

"हरामखोर," बाई म्हणाल्या. ऑफिसच्या वेळात, फोन कानाला असताना, भर लॉबीत. रिसेप्शनिस्ट मुलीने डोळे मोठे केले.

"मी पण हेच म्हटलं," विहीणबाई म्हणाल्या. "वेगळ्या शब्दांत. बरं, 'स्विमिंग पूल' या शब्दांपुढे चांदणी काढलीय एक छोटी. त्याचा अर्थ काय होतो?"

"खाली बघा, अगदी तळाशी. बारीक अक्षरात असेल काहीतरी."

"थांबा हं," विहीणबाई म्हणाल्या. "चष्मा शोधते."

बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला हाताने जरा थांबा म्हणून खुणावलं, आणि वाट बघत बसल्या.